बॅगेत नुसतं पडून ई-रीडर किंवा छोट्या टॅबची बॅटरी का उतरते: वायफाय, कव्हर आणि स्लीपबद्दल नेहमी येणारे प्रश्न

खालचे सगळे प्रश्न लोकांनी पुन्हापुन्हा विचारलेले आहेत, शब्द थोडे सारखे करून घेतलेत एवढंच. उत्तर दोन ठिकाणी लागू होत असेल तर दुसऱ्यांदा लिहिलेलं नाही, प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. मी वाचलंच नाही, बॅग उघडलीही नाही, मग चार्ज गेला कुठे?

बॅगेत ठेवलेलं डिव्हाइस बंद नसतं, झोपलेलं असतं. म्हणजे प्रोसेसर थांबलेला, स्क्रीनचं काम थांबलेलं, पण मेमरी जागी आणि बटण दाबलं का, कव्हर उघडलं का, हे बघणारा एक छोटा भाग कायम चालू. एवढ्याला करंट फारच थोडा लागतो आणि चांगल्या ई-रीडरमध्ये या झोपेत कित्येक दिवस सहज निघतात. प्रॉब्लेम झोपेचा नसतो, झोपमोडीचा असतो. काहीतरी त्याला उठवतं, उठलं की ते वायफाय शोधायला लागतं, सिंक करायला बघतं, लाइट लावतं आणि मग परत झोपायला मिनिटं घेतं. दिवसात असं पाच-दहा वेळा झालं की संध्याकाळी आपण आकडा बघून डोक्याला हात लावतो.

उठवणारे मुख्य दोघंच, कव्हर आणि वायरलेस. बाकीचे पाहुणे कलाकार आहेत, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

२. ई-इंकवर झोपेत पण चित्र दिसत राहतं, ते बॅटरी खात नाही का?

नाही. ई-इंकमध्ये काळे-पांढरे कण एकदा जागेवर बसले की तिथेच राहतात, त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही, फक्त चित्र बदलताना लागते. बॅटरी पार संपली तरी शेवटचं चित्र स्क्रीनवर तसंच राहू शकतं ते यामुळेच. म्हणून स्लीपचं चित्र काढून कोरी स्क्रीन ठेवून काही वाचत नाही. लाइट मात्र वेगळा, तो खातो आणि बऱ्यापैकी खातो.

टॅबच्या एलसीडी किंवा ओलेड स्क्रीनचं असं नाही. ती पेटलेली आहे म्हणजे खातेच आहे.

३. वायफाय चालू राहिलं तर झोपेत नक्की काय होतं?

मॉडेलवर अवलंबून आहे, पण साधारण गोष्ट अशी. घरी ओळखीचं नेटवर्क जवळ असतं तेव्हा जोडलेलं राहायला तुलनेने कमी खर्च येतो. बॅग घेऊन बाहेर पडलात की ते नेटवर्क सुटतं आणि मग डिव्हाइस जेव्हा जेव्हा जागं होईल तेव्हा आजूबाजूला ओळखीचं कोणी आहे का म्हणून एकेका चॅनलवर विचारत फिरतं. सापडलं नाही की थांबतं, थोड्या वेळाने परत. शोधणं हे जोडलेलं राहण्यापेक्षा महाग पडतं, म्हणून घरी टेबलावर सगळं ठीक आणि बाहेर फिरून आलं की चार्ज पडलेला, हा पॅटर्न बऱ्याच जणांना दिसतो.

त्यात एखादं पुस्तक डाउनलोडला अर्धवट अडकलेलं असेल तर अजूनच. ते रांगेतून जात नाही आणि डिव्हाइस प्रत्येक संधीला परत प्रयत्न करतं. लायब्ररीत बघा, एखाद्या पुस्तकाखाली टक्केवारी अडकून बसलीय का, असेल तर डाउनलोड कॅन्सल करा, पुस्तक काढा, घरी निवांत परत घ्या. ज्या मॉडेलवर लॉक स्क्रीनला जाहिराती येतात तेही नवीन जाहिराती वायफायवरूनच आणतात, हे पण लक्षात असू द्या.

४. कव्हर बंद केलं की झोपतं हे माहितीये, पण ते कळतं कसं त्याला?

कव्हरच्या फ्लॅपमध्ये छोटं मॅग्नेट असतं आणि डिव्हाइसच्या कडेला आत हॉल सेन्सर असतो. मॅग्नेट जवळ आलं की कव्हर बंद, लांब गेलं की कव्हर उघडं, एवढंच त्याला समजतं. स्क्रीनवर खरंच काही झाकलंय का हे त्याला दिसत नाही बिचाऱ्याला.

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. बॅगेत फ्लॅप एका कडेने जरासा उचलला गेला, म्हणजे आपल्याला बघून कळणारही नाही इतका, तरी मॅग्नेट सेन्सरच्या टप्प्याबाहेर गेलं तर डिव्हाइस म्हणतं उघडलं, चला उठा. स्वस्तातल्या दुसऱ्या कंपनीच्या कव्हरांत मॅग्नेट बारीक असतं किंवा दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे बसवलेलं असतं, त्यामुळे टेबलावर नीट चालतं आणि बॅगेत हललं की सुटतं. जुनं झालेलं कव्हर सैल पडतं तेव्हाही तेच. नवीन होतं तेव्हा काही व्हायचं नाही, आता का होतं, असं विचारणाऱ्यांचं कव्हर बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांचं निघतं.

५. उठलं तर उठलं, परत बंद झालं की झोपेलच ना?

फ्लॅप परत खाली बसला आणि मॅग्नेट परत टप्प्यात आलं तर लगेच झोपतं, हो. पण दोन गोष्टी होतात. एक म्हणजे फ्लॅप उचललेलाच राहिला, शेजारी वही किंवा डबा टेकलेला असला की राहतोच, तर मग डिव्हाइसला आपोआप झोपायच्या टाइमरची वाट बघावी लागते आणि किंडलवर तो साधारण १० मिनिटांचा आहे. तेवढा वेळ ते लाइट लावून बॅगेच्या अंधारात एकटंच पुस्तक उघडून बसतं. दुसरं म्हणजे अगदी दोन सेकंदांसाठी उठलं तरी वायफाय चालू असेल तर उठल्याउठल्या नेटवर्क शोधणं सुरू होतं, म्हणजे प्रश्न ३ मधला खर्च परत पहिल्यापासून. ही जोडगोळी एकत्र आली की दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त खाते. खाली प्रश्न ७ मध्ये आकडे दिलेत.

६. बॅगेत ते उठतंय की नाही हे ओळखायचं कसं? मी काय बॅगेत बसून बघू?

बसायची गरज नाही, खुणा आहेत.

कव्हर उघडताना पहिल्या क्षणाला स्क्रीनवर काय आहे ते बघा. झोपलेलं असेल तर स्लीपचं चित्र दिसेल आणि मग पान येईल. चित्र न दिसता थेट पुस्तकाचं पान आणि लाइट चालू असेल तर ते आधीच जागं होतं.

दुसरी युक्ती मला फार आवडते. किंडलवर लॉक स्क्रीनला पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवायचा पर्याय बंद असेल तर प्रत्येक झोपेला वेगळं चित्र येतं. म्हणजे पेन्सिलींचं चित्र बघून बॅगेत टाकलं आणि काढताना क्षणभर टाइपराइटर दिसला तर मध्ये ते एकदा तरी उठून परत झोपलंय. मुखपृष्ठ दाखवायचा पर्याय चालू असेल तर ही युक्ती चालणार नाही, तात्पुरता बंद करा.

टॅबला तर हात लावूनच कळतं. बॅगेतून काढल्यावर पाठ कोमट लागत असेल तर आत काहीतरी चालू होतं. शिवाय टॅबच्या बॅटरीच्या पानावर स्क्रीन किती वेळ चालू होती ते दिसतं. तुम्ही हात लावला नव्हता त्या तासात स्क्रीन चालू दिसली तर चोर कव्हर किंवा बटण. स्क्रीन बंद आणि तरी उतार असेल तर वायरलेस किंवा एखादं ॲप.

७. दोघांपैकी नक्की कोण खातंय हे कसं वेगळं करायचं?

एका वेळी एकच गोष्ट बदलून २४ तासांच्या फेऱ्या करा. कंटाळवाणं आहे, पण अंदाजाने सेटिंग बदलत बसण्यापेक्षा बरं. मी माझ्या १५०० एमएएचच्या ई-रीडरवर हे केलं, दरवेळी ८० टक्क्यांच्या आसपास सुरुवात केली आणि मधल्या वेळात अजिबात वाचलं नाही.

पहिली फेरी, एअरप्लेन मोड चालू, कव्हर बंद, टेबलावर ठेवलेलं. १ टक्का गेला. ही झोपेची खरी किंमत, यालाच पाया धरायचं. दुसरी फेरी, तसंच टेबलावर पण वायफाय चालू, ३ टक्के. तिसरी फेरी, एअरप्लेन मोड चालू पण नेहमीसारखं दिवसभर बॅगेत फिरवलं, ६ टक्के. चौथी फेरी, बॅगेत आणि वायफायही चालू, ११ टक्के.

आता हिशोब बघा. वायफायने एकट्याने २ वाढवले, बॅगेने एकटीने ५. पायाचा १ धरून बेरीज ८ यायला हवी होती, आले ११. वरचे ३ टक्के म्हणजे प्रत्येक झोपमोडीला परत परत झालेला वायफायचा शोध. आणि ते ५ टक्के कुठून आले तेही निघतं, माझ्या डिव्हाइसवर लाइट लावून तासभर नुसतं उघडं ठेवलं की साधारण ४ टक्के जातात, म्हणजे १० मिनिटांच्या एका फुकट जागरणाला पाऊण टक्क्याच्या आतबाहेर, म्हणजे दिवसात सात-आठ वेळा ते उठून पूर्ण टाइमर संपेपर्यंत जागं राहिलं असणार. मग मी कव्हरला आडवं एक रुंद इलॅस्टिक लावलं आणि वायफाय चालूच ठेवून बॅगेत फिरवलं तर ४ वर आलं. इलॅस्टिक आणि एअरप्लेन मोड दोन्ही केल्यावर बॅगेतही १.

एक सावधगिरी, बॅटरीचा आकडा पूर्ण टक्क्यांत दिसतो आणि एखादा टक्का इकडेतिकडे सहज होतो. २ आणि ३ मधल्या फरकावरून भांडू नका, ३ आणि ११ मधल्या फरकावर विश्वास ठेवा.

८. मग सरळ कायम एअरप्लेन मोड लावून ठेवू का?

ई-रीडरवर हो, माझं तरी हेच मत. पुस्तकं एकदा उतरवली की वाचायला नेट लागत नाही, डिक्शनरी पण बऱ्याचदा डिव्हाइसवरच असते. तोटा एवढाच की वाचलेल्या पानाची जागा फोनवरच्या ॲपशी जुळत नाही आणि नवीन पुस्तक आपोआप येत नाही. दोन-तीन दिवसांनी घरी असताना पाच मिनिटं वायफाय चालू करा, सिंक होऊ द्या, परत बंद. दोन डिव्हाइसवर आलटूनपालटून एकच पुस्तक वाचणाऱ्यांना हे जाचक वाटेल, त्यांनी आधी कव्हरचा बंदोबस्त करावा आणि वायफाय राहू द्यावं, प्रश्न ७ मधली ४ टक्क्यांची फेरी तीच आहे.

टॅबवर एअरप्लेन मोड लावताना ब्लूटूथकडे एकदा बघून घ्या. काही टॅबवर हेडफोन जोडलेला असताना एअरप्लेन मोड लावला तर ब्लूटूथ चालूच राहतं. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, गाणं मध्येच तुटू नये म्हणून.

९. एअरप्लेन मोड पण लावला, कव्हर पण घट्ट आहे, तरी उतरतंय. आता?

नुकतीच एकदम भरपूर पुस्तकं टाकलीत का? ई-रीडर प्रत्येक पुस्तकाच्या शब्दांची अनुक्रमणिका बनवतो, शोध लवकर लागावा म्हणून, आणि शे-दोनशे पुस्तकं एकदम टाकली की हे काम बराच वेळ चालतं. ते चालू असेपर्यंत उतार नेहमीपेक्षा जास्त राहणारच. चार्जरला लावून रात्रभर ठेवा, आपोआप संपतं.

खरी डोकेदुखी म्हणजे एखादी फाइल खराब असते आणि अनुक्रमणिका तिथेच अडकते, संपतच नाही. बऱ्याच किंडलवर शोधाच्या चौकटीत काहीही निरर्थक अक्षरं टाकून शोधलं तर अजून अनुक्रमणिकेत न आलेली पुस्तकं किती आहेत ते दिसतं. रात्रभर चार्जिंगनंतरही तेच पुस्तक तिथे बसलेलं असेल तर ते काढून टाका आणि एकदा रीस्टार्ट करा. अशी फाइल बहुतेक वेळा केबलने स्वतः टाकलेल्यांपैकी निघते.

१०. माझं कव्हर तर कडक आहे, फ्लॅप हलत नाही, तरी डिव्हाइस जागं सापडतं.

मग पॉवर बटण बघा. बहुतेक किंडलचं बटण खालच्या कडेला असतं आणि बॅगेत आपण डिव्हाइस उभं टाकतो, तेव्हा वजन बटणावर येतं. उलटं ठेवा, बटण वर. इतकंसं करून अनेकांचं काम झालंय.

दुसरं कारण जरा गमतीशीर. बॅगेचं झाकण मॅग्नेटने बंद होतं का? किंवा शेजारी इअरफोनची डबी, मागे मॅग्नेटची रिंग असलेला फोन असं काही? हॉल सेन्सरला मॅग्नेट कोणाचं आहे ते कळत नाही. एखादं बाहेरचं मॅग्नेट कव्हरच्या मॅग्नेटच्या विरुद्ध दिशेने आलं तर त्याचा परिणाम खोडून काढू शकतं आणि डिव्हाइसला वाटतं कव्हर उघडलं. उलटंही होतं, कव्हर नसलेलं डिव्हाइस हातात धरून वाचताना मांडीवरच्या मॅग्नेटमुळे अचानक झोपतं.

११. मॅग्नेटने पुस्तकं उडतील का, स्क्रीन खराब होईल का?

नाही. पुस्तकं फ्लॅश मेमरीत असतात आणि ई-इंकचे कण विजेच्या दाबाने हलतात, अशा छोट्या मॅग्नेटचा दोन्हीवर परिणाम होत नाही. टॅबमधलं कंपास थोडा वेळ वेडंवाकडं दाखवू शकतं, तेवढंच.

उलट मॅग्नेट वापरून तपासणी करता येते. फ्रिजवर लावायचं छोटं मॅग्नेट घ्या, कव्हर काढा, डिव्हाइस जागं ठेवा आणि मॅग्नेट कडेकडेने हळू फिरवा. जिथे झोपेल तिथे सेन्सर आहे. एका बाजूने काहीच झालं नाही तर मॅग्नेट पालटून बघा, काही सेन्सर एकाच ध्रुवाला दाद देतात. आता कव्हरचं मॅग्नेट त्या जागेवर येतंय का ते बघा, येत नसेल तर दोष कव्हरचा आणि ते बदलणं हाच उपाय, सेटिंगमध्ये कितीही शोधा.

१२. कव्हरने उठणं-झोपणं बंदच करता येतं का?

आयपॅडवर येतं, Settings मध्ये Display & Brightness मध्ये Lock/Unlock. ते बंद केलं की फ्लॅप हलला तरी आयपॅड उठत नाही, पण मग झोपवायचं काम बटणाने तुम्हालाच करायचं, विसरलात तर ऑटो-लॉकची वाट. काही अँड्रॉइड टॅबवरही असा पर्याय असतो, नाव कंपनीप्रमाणे बदलतं, सेटिंगच्या शोधात कव्हर टाकून बघा. कोबोवर Energy saving and privacy या पानावर झोपेचा आणि पूर्ण बंद व्हायचा असे दोन्ही टाइमर मिळतात, आणि झोपेचा टाइमर कमी केला तर प्रश्न ५ मधलं फुकट जागरण तेवढंच लहान होतं. बॅगेत फिरणाऱ्या डिव्हाइसला ५ मिनिटं भरपूर झाली.

नवीन किंडलवर सेटिंगमध्ये Power Saver नावाचा पर्याय आहे. त्याने झोप जास्त गाढ होते, बदल्यात उठायला काही सेकंद जास्त लागतात. बरेच जण डिव्हाइस स्लो झालं म्हणून वैतागून तो बंद करतात आणि मग आठवड्याने बॅटरीची तक्रार करतात. काय हवंय ते ठरवा.

१३. टॅब टेबलावर रात्रभर ठेवला तर २ टक्के, बॅगेत दिवसभर ठेवला तर १२. कव्हर तर मी वापरतच नाही!

हे अँड्रॉइडचं खास आहे. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, डोझ नावाची गाढ झोप आहे. त्यात ॲप्सचं नेट आणि कामं थांबवून ठेवतात आणि अधूनमधूनच थोडी खिडकी उघडतात. पण या गाढ झोपेत जायची एक अट अशी की डिव्हाइस काही वेळ स्थिर पडून असलं पाहिजे. बॅगेत चालताना ते हलत असतं, सेन्सरला हालचाल कळते आणि गाढ झोप लागतच नाही. अँड्रॉइड ७ पासून हलत असतानाही लागणारी हलकी झोप आली, तिने फरक पडला, पण ती हलकीच. म्हणजे टेबल आणि बॅग यांची तुलना मुळात सारखी नाही.

त्यावर दोन गोष्टी करा. उचलल्यावर उठणं आणि दोनदा टॅप केल्यावर उठणं असे जेश्चर बंद करा, बॅगेत ते कायम चुकून लागतात. आणि लोकेशनच्या सेटिंगमध्ये Wi-Fi scanning आणि Bluetooth scanning बघा. वायफायचं बटण वरून बंद केलं तरी जागा ओळखण्यासाठी हे स्कॅनिंग चालू राहू शकतं, हे फार जणांना माहिती नसतं. सिमवाला टॅब असेल तर कमकुवत सिग्नलमध्ये टॉवर शोधणं वायफायपेक्षाही जास्त खातं, तिथे एअरप्लेन मोडला पर्याय नाही.

आणि टक्क्यांची तुलना ई-रीडरशी करू नका. ५००० एमएएचच्या टॅबचा १ टक्का म्हणजे ५० एमएएच, १५०० च्या ई-रीडरचा १ टक्का म्हणजे १५. टॅबचे २ टक्के गेले तर तो ई-रीडरच्या साडेसहा टक्क्यांइतका चार्ज आहे.

१४. रोज बंदच करून ठेवलं तर?

रोज नको. चालू होताना पूर्ण सिस्टिम उठते, अर्धा-एक मिनिट जातं आणि त्यात थोडा चार्जही जातो, दिवसभराच्या नीट झोपेपेक्षा फार काही वाचत नाही. आठवडाभर हात लावणार नसाल तर जरूर बंद करा. पूर्ण बंद डिव्हाइसला कव्हर उठवू शकत नाही, त्यामुळे बॅगेतला सगळा गोंधळ मिटतो.

किंडलवाल्यांनी एक लक्षात ठेवा, बटण दाबून धरल्यावर येणाऱ्या मेनूतलं Screen Off म्हणजे बंद करणं नव्हे. ती चित्राविना झोपच आहे, त्यामुळे प्रश्न ३ मधला वायफायचा मुद्दा तिथेही लागू.

१५. बॅटरीच म्हातारी झालीय असं कधी समजायचं?

प्रश्न ७ मधली पहिली फेरी करा, एअरप्लेन मोड, टेबलावर, कव्हर बंद, अनुक्रमणिका संपलेली. तरीही दिवसाला पाच-सहा टक्के जात असतील आणि वाचतानाही पूर्वीपेक्षा पटापट उतरत असेल, किंवा ४० वरून एकदम १५ अशी उडी दिसत असेल, तर बॅटरी थकलीय. झोपेत जास्त जातंय पण वाचताना पूर्वीसारखंच चालतंय, तर बॅटरी ठीक आहे आणि कोणीतरी झोपमोड करतंय, परत प्रश्न ६ वर जा.

१६. बॅगेत पूर्ण शून्य झालं आणि महिनाभर तसंच राहिलं, आता चालूच होत नाही.

घाबरू नका, चार्जरला लावून निदान दोन-तीन तास स्क्रीनकडे बघूच नका. पार रिकामी झालेली लिथियम बॅटरी सुरुवातीला अगदी कमी करंटने भरली जाते, त्या वेळात स्क्रीनवर काहीच दिसत नाही आणि लोक दहा मिनिटांत मेलं म्हणून काढून टाकतात. लॅपटॉपच्या पोर्टपेक्षा भिंतीतला साधा चार्जर घ्या आणि केबल दुसरी लावून बघा. तेवढ्या तासांनंतर पॉवर बटण ४० सेकंद दाबून धरा. तरी काही नाही तर मग सर्व्हिस सेंटर.